डावी बाजू मांडून झाली का?

ओळखीचे एक केटरर फेब्रुवारीत घरी आले ते नव्या माहितीपत्रकाचा कच्चा मसुदा घेऊन. पुण्याच्या आसपासची लग्नं, मुंजी, साठीशांत ही त्यांची कामं. पहिल्या पानावर गणपती, खाली केळीच्या पानावर वाढलेल्या जेवणाचा फोटो आणि मग ठळक अक्षरांत ओळ : 'स्वच्छता, विविधता आणि वेळेवर सेवा हीच आमची ओळख.' पुढची चार पानं पदार्थांच्या याद्यांनी भरलेली. "ताई, शुद्धलेखन बघा आणि सुरुवात जरा उठावदार करून द्या," असं ते म्हणाले.

शुद्धलेखन बघायला अर्धा तास पुरला. सुरुवातीपाशी मात्र मी अडकले. हे तीन शब्द मी आजवर पाहिलेल्या प्रत्येक केटररच्या पत्रकावर होते आणि त्यांतला एकही शब्द वाचणाऱ्याला तपासता येत नव्हता. पूर्वी घरच्या लग्नात आचारी बोलावला जायचा, शिधा घरचा असायचा आणि कोठीची किल्ली घरातल्याच एखाद्या काकूच्या कमरेला असायची. तूप किती निघालं, दूध कधी आलं, हे त्या काकूला माहीत असे. आता शिधा, भांडी, माणसं सगळं केटररचं. घरच्यांच्या हाती उरतं ते हे पत्रक. म्हणून मी त्यांना म्हटलं, एक लग्न मला आतून बघू द्या, मग लिहिते.

ते लग्न वैशाखातलं होतं. पानं ४००, मुहूर्त दुपारी १२ वाजून २५ मिनिटांचा, पंगतीचं जेवण. मेनू अगदी ओळखीचा : वरणभात, मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी, अळूची भाजी, भजी, जिलबी, मठ्ठा, शिवाय काकडीची कोशिंबीर, खोबऱ्याची चटणी, लोणचं, पापड, लिंबू, मीठ. एकूण पंधरा जिन्नस. कार्यालयाच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये आठ शेगड्या होत्या. त्या दिवशी मला जे समजलं ते सगळं या आठ शेगड्यांभोवती फिरतं.

पंधरांपैकी आठ जिन्नस असे आहेत की ते विस्तवावरून उतरून फार वेळ गेला तर बिघडतात, चवीनं किंवा तब्येतीनं : वरण, साधा भात, मसालेभात, दोन्ही भाज्या, पुऱ्या, भजी, जिलबी. बाकीचे सात थंडच असतात किंवा आधी करून ठेवता येतात. आठ पदार्थ, आठ शेगड्या. म्हणजे प्रत्येक गरम पदार्थाला शेवटच्या दीड-दोन तासांत स्वतःची शेगडी मिळते आणि तो पंगतीच्या तोंडावर तयार होतो. आता या मेनूत पनीरची एक भाजी, मांचुरियन, व्हेज कोल्हापुरी, सूप आणि बासुंदी घाला. पत्रकातलं पान भरगच्च दिसेल, पण शेगड्या आठच राहतील. मग यातलं काहीतरी सकाळी आठला करून बाजूला ठेवावं लागेल आणि बासुंदी तर आदल्या रात्रीच. विविधता वाढली की स्वच्छतेवर आणि वेळेवर ताण येतो तो असा. पत्रकात हे तीन शब्द एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे असतात. प्रत्यक्ष कामात त्यांची रस्सीखेच चालते आणि तिचा निकाल मेनू ठरवतानाच लागून जातो.

मसालेभाताचं उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडच्या लग्नात सगळ्यात जास्त खाल्ला जाणारा आणि सगळ्यात जास्त वेळ पातेल्यात बसणारा पदार्थ तोच. माणशी ५० ग्रॅम तांदूळ धरला तर ४०० पानांना २० किलो लागतो आणि भात होतो जवळपास तिप्पट वजनाचा. शेगडी मोकळी व्हावी म्हणून बरेच आचारी साडेदहालाच एका मोठ्या पातेल्यात सगळा भात करून, झाकून ठेवतात. झाकलेलं मोठं पातेलं आतून बराच वेळ गरम राहतं, हे खरं. पण पहिल्या पंगतीला झाकण निघालं, भात उकरून बादल्यांत भरला गेला, की कडेचा आणि वरचा भात झपाट्यानं निवतो. कार्यालयात १३० पानांची पंगत बसत होती. म्हणजे ४०० माणसांच्या तीन पंगती आणि उरलेली दहा पानं मुलांच्या टेबलावर. एक पंगत ४० मिनिटं, पानं उचलून टेबलं पुसून पुन्हा मांडायला १० मिनिटं. पहिली पंगत बारा पन्नासला बसली तर तिसरी अडीचला बसते. तिच्या पानात मसालेभात पडतो पावणेतीनच्या सुमारास, म्हणजे चुलीवरून उतरल्यावर चार तासांनी.

या चार तासांत नेमकं काय होतं? तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते मातीतून येतात आणि भात शिजवताना मरत नाहीत. भात गरम आहे तोवर ते निपचित पडून असतात. कोमट झाला की रुजतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. ते विष भात पुन्हा तापवला तरी नष्ट होत नाही. त्याला वास नसतो, चव बदलत नाही. खाणाऱ्याला तासाभरापासून सहा तासांच्या आत उलट्या सुरू होतात आणि घरातले म्हणतात, उन्हाचा त्रास झाला. यातून वाचायचा मार्ग साधा आहे : गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवायचं, थंड अन्न ५ अंशांच्या खाली आणि मधल्या पट्ट्यात कमीत कमी वेळ. हातानं हा आकडा कळत नाही. टोचून बघायचा डिजिटल थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो आणि तो पातेल्याच्या मध्यात व कडेला, दोन्हीकडे टोचावा लागतो.

या केटररनी २० किलोचे तीन भाग केले होते : सात, सात आणि सहा. पहिला भात साडेबाराला उतरला, दुसरा एक वीसला, तिसरा दोन दहाला. तिन्ही पंगतींना उतरून अर्ध्या-पाऊण तासाच्या आतला मसालेभात मिळाला. यासाठी एक शेगडी आणि एक आचारी दोन वाजेपर्यंत त्याच कामाला बांधलेले राहिले. हे परवडलं, कारण मेनू पंधरा जिनसांचा होता. दोन वाजता शेडमध्ये जाऊन एखादं पातेलं अजून विस्तवावर आहे का, एवढं बघितलं तरी पाहुण्याला बरंच कळतं. सगळ्या शेगड्या थंड आणि तिसरी पंगत बसायची आहे, असं असेल तर ती पंगत सकाळचं अन्न जेवणार आहे.

दुधाची गोष्ट याहून नाजूक. यजमानांनी आधी बासुंदी मागितली होती. माणशी एक वाटी धरली तरी ४०० पानांना ५० लिटर लागते आणि तेवढी आटवायची तर ती आदल्या संध्याकाळीच करावी लागते. उकळत्या दुधात जिवाणू फारसे टिकत नाहीत. धोका सुरू होतो तो ती निवताना. वैशाखातल्या रात्री ५० लिटरचं पातेलं नुसतं झाकून ठेवलं तर ते पहाटेपर्यंत कोमटच राहतं. त्यात कुणी हात बुडवून वाटी भरली, ढवळणाऱ्याच्या बोटाला चिरताना कापलेलं असलं, तर त्या जखमेतले किंवा नाकातले स्टॅफिलोकॉकस जिवाणू दुधात उतरतात. तेही उष्णतेला दाद न देणारं विष तयार करतात, त्यामुळे सकाळी पुन्हा उकळी आणण्याचा उपयोग होत नाही. मोठ्या स्वयंपाकघरांचा नियम असा आहे की शिजलेलं अन्न दोन तासांत साठ अंशांवरून एकवीसवर आणि पुढच्या चार तासांत पाचवर आलं पाहिजे. पन्नास लिटरच्या पातेल्यात हे होतच नाही. बासुंदी दोन-तीन इंच उंचीच्या पसरट ट्रेमध्ये ओतावी लागते, ट्रे बर्फात ठेवावे लागतात आणि मग ते शीतकपाटात जातात. कार्यालयात त्या आकाराचं शीतकपाट नव्हतं. केटररनी यजमानांना सरळ सांगितलं की उन्हाळ्यात इथे बासुंदी करणार नाही, जिलबी करू. साखरेच्या पाकात मुरलेल्या पदार्थात जिवाणूंना वाढायला पाणीच मिळत नाही, शिवाय ती डोळ्यांसमोर तळली जाते. आपला जुना मेनू उन्हाळ्याच्या दृष्टीनं किती विचारानं रचलेला आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. 'आम्ही अमुक पदार्थ करतो' या वाक्याइतकंच 'अमुक पदार्थ या दिवसांत करत नाही' हे वाक्य पत्रकात असायला हवं, असं माझं मत तिथे पक्कं झालं.

मठ्ठ्यातही एक खोच आहे. मठ्ठा थंड करायला बर्फ टाकतात आणि लग्नसराईत बर्फाच्या लादीचा भाव चढतो. मासळी किंवा औषधं थंड ठेवायला बनवलेला बर्फ खाण्याचा नसतो, त्याच्या पाण्याची कुणी हमी देत नाही. दोन्ही बर्फ ओळखता यावेत म्हणून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१८ मध्ये न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालणं सक्तीचं केलं. पण रंग घातलेला नसला तर डोळ्यांना काही कळत नाही. या केटररनी मठ्ठ्याची पातेली बर्फाच्या टबात बसवली होती, मठ्ठ्यात बर्फ टाकला नव्हता. थंडावा तोच मिळतो आणि बर्फाच्या पाण्याची चिंता राहत नाही.

स्वच्छता म्हटलं की पत्रकात टोप्या आणि हातमोजे घातलेल्या वाढप्यांचे फोटो असतात. टोपी हवीच. हातमोज्याबद्दल मात्र माझं समाधान झालेलं नाही. मोजा घातलेल्या हातानं माणूस घाम पुसतो, मोबाइल उचलतो, पैसे मोजतो आणि तोच हात पुरीच्या टोपलीत जातो. मोजा आहे म्हणून हात धुवायची आठवणही राहत नाही. मी शेडमध्ये गेले तेव्हा आधी शोधला तो नळ. तो शेगड्यांपासून दहा पावलांवर होता, साबण होता आणि त्यावर पाणी पडून फेस झालेला होता, म्हणजे तो वापरात होता. कोरडा साबण आणि लांबचा नळ असेल तर मोज्यांच्या फोटोनं फार काही सिद्ध होत नाही.

कागदावर तपासता येणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे परवान्याचा क्रमांक. अन्नसुरक्षा कायदा २००६ चा. त्याखाली प्रत्येक केटररला परवाना किंवा नोंदणी घ्यावी लागते आणि तिचा १४ अंकी क्रमांक असतो. तो १ ने सुरू झाला तर परवाना, २ ने सुरू झाला तर लहान व्यवसायाची नोंदणी. २०२२ पासून हा क्रमांक बिलावर छापणंही सक्तीचं आहे. foscos.fssai.gov.in या संकेतस्थळावर तो टाकून नाव आणि मुदत बघता येते. याची मर्यादाही समजून घ्यायला हवी. हा क्रमांक सांगतो की धंदा नोंदलेला आहे. अमुक तारखेच्या दुपारी पातेलं किती गरम होतं, हे तो सांगत नाही.

आता वेळ. 'वेळेवर सेवा' म्हणजे कुठली वेळ? मुहूर्त ठरलेला असतो, पण त्याआधी नवरदेवाची मिरवणूक लांबते, त्यानंतर फोटो सुरू होतात. घड्याळावर बांधलेलं जेवण मग एकतर लवकर तयार होऊन निवत बसतं किंवा उशिरा होतं. अनुभवी केटरर घड्याळाकडे न बघता अक्षतांकडे बघतो. शेवटची अक्षता पडली की तिथून त्याची वेळ सुरू होते आणि सगळी आखणी तिथून उलटी, मागे मागे जाते.

त्या दिवशीची आखणी अशी होती. चिरणाऱ्या बायका पहाटे साडेपाचला आल्या. साडेसातपर्यंत बटाटे उकडले गेले, अळू चिरून झाला. आठ ते साडेनऊ नाश्ता. यजमान नाश्त्याकडे सहज बघतात, पण पोहे, शिरा आणि चहा मिळून पाच शेगड्या अडवतात आणि नाश्ता दहापर्यंत रेंगाळला तर जेवण तेवढंच मागे सरकतं. या केटररनी साडेनऊला नाश्त्याच्या शेगड्या बंद केल्या, उशिरा आलेल्यांना लाडू-चिवडा दिला. पावणेदहाला वरणाची डाळ चढली. साडेदहाला वाढपी आले. अकराला जिलबीचं तेल तापायला ठेवलं, कारण माणशी अडीच धरल्या तरी जिलब्या हजार लागतात आणि एका पसरट कढईतून त्या एकदम निघत नाहीत. काकडी चिरून पिळून ठेवली होती, पण तिच्यात दही आणि मीठ मात्र पंगत बसण्याच्या दहा मिनिटं आधी पडलं. आधी घातलं की कोशिंबिरीला पाणी सुटतं.

बारा वाजून पाच मिनिटांनी केटरर हॉलच्या दारात येऊन ओरडले, "डावी बाजू मांडून झाली का?" पानाच्या डाव्या अंगाला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं असतं. ती माणसं बसायच्या आधी वाढून ठेवता येते. डावी बाजू तयार असेल तर अक्षता पडल्यावर भाज्या, वरणभात आणि तूप एवढंच फिरवायचं उरतं आणि १३० पानांना दहा वाढपी ते सात-आठ मिनिटांत करतात. ती मांडलेली नसेल तर माणसं रिकाम्या पानासमोर बसून राहतात. मला तर वाटतं, वेळेवर सेवेची परीक्षा घ्यायची असेल तर मंगलाष्टकं सुरू झाल्यावर एकदा जेवणाच्या हॉलमध्ये डोकावून डावी बाजू बघावी. अर्थात तो पदार्थ उघडा पडलेला असतो, म्हणून पंखे बंद आणि पानांवर कागद झाकलेला हवा, तेही बघावं.

बुफे असेल तर हिशेब रांगेचा होतो. एका रांगेतून मिनिटाला चार माणसं ताट भरून निघतात असं धरा. अक्षता पडल्यावर ३०० माणसं एकदम उठली आणि रांग एकच असली तर शेवटच्याला सव्वा तास लागेल. दोन टेबलं मांडून दोन्ही बाजूंनी वाढून घ्यायची सोय केली तर चार रांगा होतात आणि तेच काम वीस मिनिटांच्या आत संपतं. म्हणून केटररला पदार्थ किती हे विचारण्याआधी रांगा किती हे विचारावं. समोर करून देणारा डोशाचा किंवा चाटचा काउंटर पत्रकात खुलून दिसतो. पण एका तव्यावर दोन मिनिटांत तीन डोसे निघाले तर तासाला ते नव्वदच होतात. ४०० माणसांच्या लग्नात असा एक तवा म्हणजे जेवणाची सोय नव्हे, मुलांची गर्दी आहे.

तिसरी पंगत तीन वाजून दहा मिनिटांनी उठली. साधारण पाच-सहा किलो मसालेभात उरला होता आणि नवरीच्या मावशी डबे घेऊन आल्या. केटररनी त्यांना हात जोडून सांगितलं, "मावशी, भात नेऊ नका. जिलबी हवी तेवढी न्या, लाडू न्या. भात आत्ता इथे कुणाला जेवायचा असेल तर वाढतो." मावशींना ते फारसं रुचलं नाही. वैशाखातल्या दुपारी डब्यात दाबून भरलेला भात रात्री नऊला खाल्ला जातो आणि नाव केटररचं येतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. प्रत्येक पदार्थाची एक वाटी मात्र त्यांनी स्वतः लेबल लावून बर्फाच्या पेटीत ठेवली. कुणाला त्रास झालाच तर तपासायला नमुना असावा, म्हणून ती दोन दिवस शीतकपाटात राहते.

दुसऱ्या दिवशी मी पत्रकाची सुरुवात लिहिली. गणपती आणि केळीच्या पानाचा फोटो तसाच ठेवला. खालचा मजकूर असा झाला :

'आम्ही लग्नाचं जेवण करतो. पंगतीसाठी आठ गरम पदार्थांपर्यंत मेनू सुचवतो, कारण तेवढे पदार्थ आम्ही पंगतीच्या तोंडावर करून वाढू शकतो. त्याहून जास्त हवे असतील तर शेगड्या आणि माणसं वाढवावी लागतील, त्याचा दर वेगळा सांगू. भात प्रत्येक पंगतीसाठी वेगळा चढतो. गरम पदार्थ ६० अंशांच्या खाली येऊ देत नाही. थर्मामीटर आमच्याजवळ असतो, तुम्हीही टोचून बघा. चैत्र ते ज्येष्ठ या काळात कार्यालयात मोठं शीतकपाट नसेल तर बासुंदी आणि रबडी करत नाही. बर्फ पेयात घालत नाही. परवान्याचा क्रमांक मागच्या पानावर आहे. शेवटची अक्षता पडल्यापासून २० मिनिटांत पहिली पंगत जेवायला लागेल. आमचं स्वयंपाकघर लग्नाच्या दिवशी केव्हाही येऊन बघा.'

केटररनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. खिशातलं पेन काढलं आणि २० वर काट मारून २५ केलं.

"वीस मिनिटांत वरणभात येईल, ताई," ते म्हणाले, "पण माणसं हात-पाय धुऊन, आजी-आजोबांना खुर्चीवर बसवून स्थिरस्थावर व्हायला पाच मिनिटं जातात. ती धरा."